घामाचा डाग कुणाच्या नावावर?



महावीर जयंतीची मिरवणूक आटोपली आणि दुपारी धाकट्या जाऊबाईंनी एक फोटो पाठवला. भावजींच्या खांद्यावर पालखी, अंगात आकाशी शर्ट आणि काखेपासून कमरेपर्यंत गडद ओल. खाली लिहिलेलं, "ताई, एवढा डाग घालवा ना. लोक म्हणतील, घरात बाई आहे की नाही?"

चैत्रात कुर्डुवाडीच्या उन्हात पालखी वाहणाऱ्याला घाम येणार नाही तर काय? तरी मी बसले. Snapseed उघडून आधी Healing वापरलं. ते शेजारचं कापड उचलून डागावर चिकटवतं. बारीक ठिपक्याला ते चालतं, पण एवढ्या ओलीवर खिशाची कड मोडली आणि चुण्याच गेल्या. मग सगळं मागे घेतलं. ओलं कापड नुसतं गडद झालेलं असतं. धाग्यांत पाणी शिरल्याने उजेड कमी परततो, वीण तशीच असते. म्हणून डाग झाकायचा नाही, उजळायचा. फोटो मोठा करून Dodge & Burn चा ब्रश कडेकडून आत हलक्या हाताने फिरवला, Saturation थोडं उतरवलं. डाग पुसट झाला, चुण्या राहिल्या. पुरता घालवायला गेले तर राखाडी चट्टा उठला, म्हणून तिथेच थांबले.

पण मन खट्टू झालं. घाम त्यांचा, पालखीचा मान त्यांचा आणि डाग मात्र घरच्या बाईच्या नावावर! हे आपणच एकमेकींना ऐकवतो, म्हणून जास्त लागतं.

मुनिमहाराजांच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे. बावीस परीषहांत उष्ण आहे, मलही आहे. तत्त्वार्थसूत्रात मलाच्या लगेच पुढे सत्कार-पुरस्कार येतो. अंगावरचा मळ सोसणं आणि मानपानाची इच्छा जिंकणं, दोन्ही शेजारी शेजारी. घामाने माखलेल्या त्या देहापुढे आपण वाकतो आणि फोटोतल्या घामाची लाज धरतो, हे कसं?

नीटनेटकं दिसायला माझी हरकत नाही, पण त्याची काळजी आधी घ्यावी. आकाशी आणि राखाडी शर्टावर ओल सर्वांत जास्त दिसते, ते त्या दिवशी नकोत. पांढरा जाडसर सुती घालावा, आत बनियन. पातळ पांढरा भिजला की अंग दिसतं. घरच्यांचा एकत्र फोटो मिरवणूक निघण्यापूर्वीच काढावा. आणि हे सगळं पुरुषांनी स्वतः लक्षात ठेवावं, त्यासाठी बायको लागत नाही.

साखरपुड्याचा, वाढदिवसाचा फोटो खुशाल उजळा. पालखीचा मात्र आहे तसा राहू द्या. त्यातली ओल ही केलेल्या सेवेची खूण आहे.

जाऊबाईंना मी दोन्ही फोटो पाठवले आणि म्हटलं, भिंतीवर कोणता लावायचा ते भावजींनाच विचारा. ते म्हणाले, "डाग? कुठला डाग?"