भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि काउंटरवरचा माणूस

पदवीदान समारंभातील स्वागताचे भाषण सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. पाहुण्यांची ओळख, संस्थेच्या प्रगतीचा आढावा, विद्यार्थ्यांना शुभेच्छा, एवढ्यावर ते संपते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका फार्मसी महाविद्यालयात मात्र प्राचार्यांनी यंदा ही वाट सोडली. त्यांनी पाहुण्यांचे स्वागत दोन वाक्यांत आटोपले आणि समोर बसलेल्या डी. फार्म. व बी. फार्म.च्या मुलांना एका पिवळ्या गोळीची हकिकत सांगितली.

एक बासष्ट वर्षांच्या बाई. हातापायाचे सांधे सुजणारा आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, त्यांना बरीच वर्षे होता. शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू केले होते. १० मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदा, दर बुधवारी. सोबत ५ मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, बुधवार सोडून रोज. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळसर. चार महिने सारे सुरळीत चालले. सूज उतरली, बाई पुन्हा भाकरी थापू लागल्या.

रोजची गोळी अर्थातच आधी संपली. मुलगा चिठ्ठी घेऊन गावातल्या औषधाच्या दुकानात गेला आणि म्हणाला, ‘‘आईची रोजची पिवळी गोळी संपली.’’ काउंटरवर बारावी झालेला पोरगा होता. चिठ्ठीतल्या पहिल्या ओळीत मेथोट्रेक्सेटचे ब्रँडनाव होते आणि ते ‘फोली’ने सुरू होत होते. फॉलिक अ‍ॅसिड हे नाव तिसर्‍या ओळीत होते. पोराने पहिली ओळ वाचली, दहा गोळ्यांची पट्टी काढली, पाकिटावर पेनाने ‘रोज १’ असे लिहिले आणि पैसे घेतले. हा सोमवार होता.

बाई रोज ती गोळी घेत राहिल्या. बुधवारी घरातली जुनी, बुधवारचीही घेतली. आठ दिवसांत नऊ गोळ्या झाल्या, म्हणजे नऊ आठवड्यांचे औषध पोटात गेले, आणि संरक्षण म्हणून दिलेले फॉलिक अ‍ॅसिड मात्र एकही दिवस गेले नाही.

मेथोट्रेक्सेट शरीरात काय करते, हे प्राचार्यांनी मुलांना परीक्षेत येते तसे नव्हे, तर साध्या भाषेत सांगितले. नवी पेशी तयार व्हायची तर डीएनए लागतो आणि तो घडवायला फोलेट हे जीवनसत्त्व लागते. हे औषध फोलेटला कामाला लावणारे एन्झाइमच अडवते. म्हणून मोठ्या डोसमध्ये ते कर्करोगावर चालते आणि आठवड्यातून एकदाच्या लहान डोसमध्ये सांधेदुखीवर. एक दिवस गोळी आणि मधले सहा दिवस विश्रांती, या विश्रांतीतच शरीरातल्या निरोगी पेशी सावरतात. गोळी रोज घेतली की ती विश्रांती नाहीशी होते. मग ज्या ठिकाणी पेशी सर्वांत वेगाने बदलतात, त्या ठिकाणांना आधी फटका बसतो. तोंडाचे आतले अस्तर, आतडे आणि हाडांमधला रक्त तयार करणारा मगज ही ती ठिकाणे. डोस तेवढाच असला तरी रोजचा आणि आठवड्याचा यांत जीव वाचण्या-जाण्याचा फरक पडतो तो यामुळे.

पाचव्या दिवशी बाईंचे तोंड आले. मुलगा पुन्हा त्याच दुकानात गेला. पोराने तोंडाला लावायचे जेल दिले, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या आणि बाईंना सांधेदुखी आहे हे माहीत असल्याने वर एक वेदनाशामकही दिले. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडातून, आणि वयस्कर माणसात काही वेदनाशामके हाच निचरा मंद करतात. ‘तोंड कधीपासून आलंय, दुसरी कोणती औषधं चालू आहेत?’ हा एक प्रश्न त्या वेळी विचारला गेला असता, तर बाई चार दिवस आधी रुग्णालयात पोहोचल्या असत्या.

नवव्या दिवशी त्यांना ताप, जुलाब आणि पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके घेऊन जिल्हा रुग्णालयात आणले. पांढर्‍या पेशी चार हजारांच्या पुढे हव्यात, त्या नऊशे होत्या. प्लेटलेट दीड लाखाच्या पुढे हव्यात, त्या बावीस हजार होत्या. मुलाने खिशातून पट्टी काढली तेव्हा निदान झाले. फॉलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शने, अँटिबायोटिक, रक्तघटक असे उपचार झाले. येथे फॉलिक अ‍ॅसिडची साधी गोळी उपयोगी पडत नाही, कारण तिला कामाला लागायला तेच अडवलेले एन्झाइम लागते. फॉलिनिक अ‍ॅसिड त्याला वळसा घालून जाते. दोन्हींच्या नावांत एका अक्षराचा फरक, आणि तोही अशा वेळी गोंधळ करणारा. बाई वाचल्या. सतरा दिवसांनी घरी गेल्या.

इतके सांगून प्राचार्य थांबले आणि म्हणाले, ‘‘त्या दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक नोंदणी प्रमाणपत्र होतं. ते खरं होतं. ज्याचं होतं तो मुलगा दोनशे किलोमीटरवर एका कंपनीत नोकरी करतो आणि त्याला दुकानदाराकडून महिन्याला ठरलेली रक्कम मिळते.’’ सभागृहात शांतता पसरली, ती या वाक्याला. समोर बसलेल्यांपैकी काहींना अशी विचारणा आधीच झाली असणार.

या व्यवहाराला कोणी भ्रष्टाचार म्हणत नाही. ‘सर्टिफिकेट लावलंय’ असे म्हणतात. कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो की चिठ्ठीवरच्या औषधांची विक्री त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच व्हायची. महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंदचे हत्यार उपसले होते. दुकानात फार्मासिस्ट हवा ही अट अनेकांना जाच वाटली, यावरूनच भिंतीवरची किती प्रमाणपत्रे नुसतीच टांगलेली असतात याचा अंदाज यावा.

प्राचार्यांनी मग मुलांना विचारले की त्या सोमवारी तुम्ही काउंटरवर असता तर काय केले असते. उत्तर त्यांनीच दिले आणि ते या भाषणाचा सर्वांत मोलाचा भाग होते. मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी हातात आली की पहिला प्रश्न आजाराचा: कशासाठी घेता? सांधेदुखी किंवा सोरायसिस असे उत्तर आले, तर गोळी आठवड्याची असणार. मग वार विचारायचा आणि तो पाकिटावर मराठीत, पूर्ण अक्षरांत लिहायचा: ‘फक्त बुधवारी’. ‘ओडी’, ‘ओडब्ल्यू’ असली अक्षरे लिहायची नाहीत. चिठ्ठीवरच तसे काही संशयास्पद असेल, तर डॉक्टरांना फोन करायचा. त्यानंतर गोळ्या मोजायच्या. महिन्याला आठवड्याची एक गोळी म्हणजे चारच गोळ्या होतात. कोणी दहाची पट्टी मागत असेल किंवा महिन्याच्या आत पुन्हा आला असेल, तर तिथेच थांबायचे. शेवटी माणसाकडूनच वदवून घ्यायचे: ‘‘काकू, ही गोळी कधी घ्यायची, मला सांगा बरं.’’ आणि तोंड आले, ताप आला किंवा अंगावर ठिपके उठले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे, हे सांगूनच त्यांना पाठवायचे. सगळे मिळून तीन मिनिटे लागतात.

एका विद्यार्थ्याने नंतर चहाच्या वेळी विचारलेला प्रश्न भाषणाइतकाच नोंद घेण्यासारखा आहे. ‘‘सर, चार गोळ्या कापून दिल्या तर उरलेली पट्टी कंपनी परत घेत नाही. मालक म्हणेल, पूर्ण दे. मग?’’ प्राचार्यांकडे याचे तयार उत्तर नव्हते. ते एवढेच म्हणाले की कापताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहील असे बघ, आणि पुढचे चार त्याच तुकड्यातून दे. उत्तर प्रामाणिक होते, पण अपुरे. नीतिमत्तेने वागण्याचा खर्च पगारदार मुलाने उचलायचा आणि फायदा मालकाचा, अशी ही मांडणी आहे. प्रमाणपत्र भाड्याने देणार्‍याला घरबसल्या पैसे मिळतात, आणि दुकानात बारा तास उभा राहणार्‍याला त्याहून फार अधिक मिळत नाही. हे गणित मुलांना कळते. त्यांना केवळ शपथ देऊन भागणार नाही.

महाविद्यालयांनी स्वतःकडेही बघायला हवे. डी. फार्म.साठी तीन महिन्यांचे, ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधे देण्यात जायला हवेत. ते तास अनेकदा दुकानदाराच्या शिक्क्यावर भरतात. मुलगा चिठ्ठी न पाहताच ‘प्रशिक्षित’ होतो आणि न राबता प्रमाणपत्र मिळते हा पहिला धडा त्याला महाविद्यालयातच मिळतो. डॉक्टरही सुटत नाहीत. सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहावे, असा नियम २०१६ पासून आहे. त्या चिठ्ठीत पहिल्या ओळीत ब्रँडऐवजी ‘मेथोट्रेक्सेट’ असे असते, तर पोराचा गोंधळ उडण्याचे कारणच उरले नसते. फोलेटला अडवणार्‍या औषधाला फोलेटचेच नाव ठेवणार्‍यांबद्दल काय बोलावे!

ज्या घरात आमवातासाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, त्यांनी आज पट्टी हातात घेऊन तिच्यावरचे बारीक अक्षरातले मूळ नाव वाचावे. स्वतःला वाचता येत नसेल, तर शाळेत जाणार्‍या नातवंडाला वाचायला सांगावे. ती गोळी वेगळ्या डबीत ठेवावी, डबीवर वार लिहावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला खूण करावी. दुखले-खुपले म्हणून दुकानातून आणखी काही घेताना ही डबी सोबत न्यावी. आणि काउंटरवर जो असेल त्याला, ‘‘भिंतीवरचं प्रमाणपत्र तुमचंच का?’’ असे विचारायला संकोच करू नये.