प्रस्ताव आणि पॉलिसी यांमधले दिवस

विमा घेणारा माणूस प्रस्तावपत्रातील प्रश्नांना ज्या दिवशी उत्तरे देतो, त्या दिवशी ती खरी असली की आपले कर्तव्य संपले, असे समजतो. कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. प्रस्ताव दाखल झाल्यापासून कंपनीने जोखीम स्वीकारल्याचे कळवेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांतही प्रकृतीतील बदल कळवण्याची जबाबदारी प्रस्तावकावर असते. बहुतेक प्रस्तावपत्रांच्या अखेरच्या घोषणेत तसे लिहिलेलेही असते. मात्र ती घोषणा वाचून सही करणारे विरळाच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोपाळमधील ४२ वर्षांच्या गृहस्थाने ३ जूनला आरोग्य विम्याचा प्रस्ताव भरला. ‘उच्च रक्तदाब आहे काय?’ या प्रश्नाला त्याने ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर दिले. वय पाहता कंपनीने वैद्यकीय तपासणी मागितली नाही. ९ जूनला कार्यालयातील शिबिरात रक्तदाब १६०/१०० निघाला. डॉक्टरांनी निदान करून गोळी सुरू केली. १७ जूनपासून पॉलिसी लागू झाली. दोन वर्षांनी हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली आणि रुग्णालयाच्या कागदांत ‘दोन वर्षांपासून रक्तदाब’ अशी नोंद झाली. कंपनीने जुनी चिठ्ठी मागवली. तिच्यावर तारीख होती ९ जून.

विमा नियामकाच्या २०२४च्या नियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान झाले किंवा ज्यावर उपचार सुचवले गेले, तो ‘आधीपासूनचा आजार’. येथे मोजणी प्रस्तावाच्या तारखेपासून होत नाही. म्हणूनच ३ जूनचे खरे उत्तर १७ जूनपर्यंत अपुरे ठरते, आणि कंपनी माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा नाकारू शकते. याउलट १८ जूनला निदान झाले असते, तर ते या पॉलिसीपुरते कळवण्याचे कारण नव्हते. विमा त्यासाठीच तर असतो.

हप्ता भरला म्हणजे करार झाला, हा समजही टिकणारा नाही. आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात प्रस्ताव १९६०च्या डिसेंबरात दिला गेला होता, धनादेश वटले होते आणि जानेवारी १९६१मध्ये प्रस्तावकाचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये निर्णय दिला की स्वीकृती कळवल्याशिवाय करार होत नाही. कंपनीचे मौन किंवा पैसे ठेवून घेणे म्हणजे होकार नव्हे.

कळवल्याने नुकसान होते, ही भीती अगदी निराधार नाही. कंपनी हप्ता वाढवील, त्या आजारासाठी कमाल ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी लावील किंवा प्रस्ताव नाकारील. परंतु न कळवता मिळालेली पॉलिसी ही दाव्याच्या दिवशी मोडणारी हमी असते. आयुर्विम्यात तीन वर्षांनंतर आणि आरोग्य विम्यात सलग ६० महिन्यांनंतर आक्षेपाला मर्यादा येतात. तरी त्याआधी दावा येणारच नाही, याची खात्री कोण देणार? शिवाय आरोग्य विम्यात सिद्ध झालेल्या फसवणुकीला ६० महिन्यांनंतरही संरक्षण नाही.

कळवायचे ते लेखी, प्रस्ताव क्रमांक, निदानाची तारीख आणि अहवालासह, थेट कंपनीला. एजंटाच्या कानावर घातलेली गोष्ट पुढे सिद्ध करता येत नाही. पोचपावती जपावी. पॉलिसी हाती आल्यावर सोबतच्या प्रस्तावाच्या प्रतीत ती माहिती आली आहे का हे पाहावे. नसेल तर ३० दिवसांच्या फेरविचाराच्या मुदतीतच लेखी हरकत घ्यावी. माहिती असूनही कंपनीने पॉलिसी दिली, तर त्याच माहितीच्या आधारे तिने पुढे दावा नाकारणे न्यायाला धरून नाही. २०२१च्या मनमोहन नंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाची भूमिका याच अंगाने होती.

माझा आक्षेप नियमाला नाही. विमा हा परस्परांच्या पूर्ण विश्वासाचा करार आहे आणि जोखीम स्वीकारणाऱ्याला ती आजची कशी आहे हे कळलेच पाहिजे. आक्षेप आहे तो हे कर्तव्य घोषणेच्या बारीक अक्षरांत सोपवून मोकळे होण्याला. मोबाइलवर ओटीपी टाकून प्रस्ताव बंद झाला, की नवी माहिती कुठे भरायची हे ग्राहकाला सहज सापडत नाही. नियामकाने एवढेच बंधन घालावे: पॉलिसी जारी करण्यापूर्वी कंपनीने ग्राहकाला त्याच्या भाषेत एकच प्रश्न विचारावा, ‘प्रस्तावानंतर तुमच्या प्रकृतीत काही बदल झाला आहे काय?’, आणि उत्तराची नोंद पॉलिसीला जोडावी. ज्या कंपनीने हा प्रश्न विचारलाच नाही, तिला त्या मधल्या दिवसांतील प्रामाणिक मौनावरून दावा नाकारण्याचा अधिकार असू नये.