सुपरवायझरच्या भिंतीवरचा तक्ता



कारखान्याच्या कामगारांना शिस्त कशी लावायची हा विषय सभासदांचा नव्हे, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. आम्ही जामसंड्याकडची माणसे. गाव आंब्याचे, ऊस आमचा वैभववाडी-कणकवलीच्या खोऱ्यांतला, आणि तो करूळचा घाट चढून वर जातो. गाडी वर पोचली आणि पॅनवर माणूस नाही म्हणून गळीत मंदावले, तर उन्हात वाळतो तो आमचाच ऊस. उलट, चुकीच्या पद्धतीने माणूस काढला आणि कोर्टाने तो मागल्या पगारासह परत घ्यायला लावला, तर ते पैसेही उसाच्या दरातूनच जातात. दोन्हीकडून फटका सभासदाला.

हल्ली बऱ्याच कारखान्यांत स्थायी आदेशांतील गैरवर्तनाचे प्रकार आणि शिक्षा वेचून एका पानाचा तक्ता करतात व तो शिफ्टच्या सुपरवायझरजवळ लावतात. कल्पना चांगली आहे. रात्रपाळीला बारीक टायपातले पुस्तक उघडून कोण बसतो? पण बहुतेक तक्ते दोनच रकान्यांचे असतात, डावीकडे गुन्हा आणि उजवीकडे शिक्षा, आणि घोळ तिथेच होतो. आदेशांत अशी जोडी लावलेलीच नसते. आपल्या राज्याच्या नमुना स्थायी आदेशांत गैरवर्तनाची यादी एका कलमात आहे आणि शिक्षा पुढच्या कलमात. शिक्षा चारच: ताकीद, दंड, जास्तीत जास्त चार दिवसांचे निलंबन आणि बडतर्फी. कुठल्या गैरवर्तनाला कुठली शिक्षा, हे तिथे लिहिलेले नाही. गैरवर्तन किती गंभीर, माणसाचा मागचा रेकॉर्ड काय, परिस्थिती काय, हे पाहून ठरवा, एवढेच म्हटले आहे. म्हणजे उजवीकडचा रकाना ज्याने तक्ता केला त्याच्या मनचा असतो.

एक प्रकरण धरून पाहू. समजा जानेवारीत, ऐन हंगामात, एक पॅनमन न कळवता सलग नऊ दिवस आला नाही. तक्त्यावर लिहिले आहे, "विनापरवाना गैरहजेरी – बडतर्फी". सुपरवायझर तसाच रिपोर्ट देतो, ऑफिस तशीच ऑर्डर काढते. आता मूळ कलम वाचा. त्यात विनापरवाना गैरहजर राहण्याची सवय, किंवा सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी, असे शब्द आहेत. नऊ दिवस त्यात बसत नाहीत. सवय म्हणायची तर आधीचे प्रसंग तारखेनिशी दाखवायला हवेत, आणि ते रजेच्या रजिस्टरात असले तरी आरोपपत्रात आलेले नाहीत. शिवाय चौकशी न करताच बडतर्फी. कामगार न्यायालयात गेला आणि तीन वर्षांनी पूर्ण मागील पगारासह कामावर घ्या असा हुकूम झाला, तर महिना वीस हजारांच्या हिशेबाने सात लाख वीस हजार रुपये झाले. तेही तीन वर्षांत काहीही काम न करून घेता! आणि हे सगळे कशामुळे? तक्ता लिहिणाऱ्याने जागा वाचवायला "सवय" आणि "दहा दिवसांपेक्षा जास्त" हे शब्द गाळले म्हणून.

हे अटीचे शब्दच कलमाचा जीव असतात. हेतुपुरस्सर, वारंवार, सलग, कारखान्याच्या आवारात. तक्ता करताना एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने असा प्रत्येक शब्द लाल पेन्सिलीने खुणावा. खुणावलेला शब्द तक्त्यात आलाच पाहिजे, मग पान दोन झाली तरी चालतील. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात (१९८४ च्या निकालसंग्रहात तो आहे) सुप्रीम कोर्टाने हेच बजावले. स्थायी आदेशांत जे गैरवर्तन म्हणून लिहिलेले नाही त्याची शिक्षा देता येत नाही, आणि आवारात किंवा आवाराच्या लगत असे लिहिले असेल तर ते वाटेल तेवढे लांब ताणता येत नाही. तेव्हा गेटपासून मैलभर लांबच्या टपरीवर कोणी पिऊन आरडाओरडा केला, तर "दारू पिणे" एवढेच लिहिलेला तक्ता सुपरवायझरला फसवणार. तक्ता करणाऱ्याने आपल्या पदरचा गुन्हा घातला, तर तोही तसाच फसवणार.

शिक्षेचा रकाना का नको, हे बिडीवरून कळेल. मनाई असलेल्या जागी धूम्रपान हे एकच कलम. पण सायकल स्टँडजवळ ओढलेली बिडी आणि वाळल्या बगॅसच्या ढिगाशेजारी ओढलेली बिडी एक नव्हे. पहिल्याला समज पुरेल, दुसऱ्यात अख्खा ढीग पेटू शकतो. आपल्या राज्याच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात तर किरकोळ गैरवर्तनाला, मागची नोकरी न पाहता, धक्कादायक जबर शिक्षा देऊन काढणे ही मालकाची अनुचित प्रथा म्हणून लिहिली आहे. मालक म्हणजे इथे आपणच की!

आणखी एक शब्द घोटाळ्याचा, निलंबन. शिक्षा म्हणून निलंबन चार दिवसांच्या वर जात नाही. चौकशी चालू असतानाचे निलंबन ही शिक्षाच नव्हे. ते लांबू शकते, पण त्यात निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पहिले ९० दिवस निम्मा, पुढचे ९० दिवस पाऊण आणि १८० दिवसांनंतर पूर्ण पगाराइतका. तक्त्यात दोन्ही एकाच शब्दाखाली आले की कोणीतरी "दहा दिवस निलंबित" अशी ऑर्डर काढतो. ती धड शिक्षा नाही आणि धड चौकशीही नाही.

मग रकाने कोणते ठेवावेत? आमचे मत असे: कलमाचा नंबर, मूळ शब्द अटींसह, सुपरवायझरने त्याच पाळीत काय करायचे, आणि पुढचा निर्णय कोणाचा. तिसरा रकाना सर्वांत मोठा हवा. वेळ, नेमकी जागा, काय पाहिले, कोणी पाहिले, कामगार काय म्हणाला, हे लेखी घेऊन लेबर ऑफिसरकडे द्यायचे. शिक्षा ठरवणे सुपरवायझरच्या हातात नाही. चारही शिक्षा पानाच्या तळाशी एकदाच लिहाव्यात, आणि बडतर्फीपुढे "आरोपपत्र व चौकशीशिवाय नाही" हे ठळक. आंब्याच्या पेटीवरची चिठ्ठी डझन सांगते, पण गिऱ्हाईक पेटी उघडून बघतोच. तक्त्यावरच्या कलम नंबराचे काम तेच, मूळ पान उघडायला लावणे.

तक्ता लावण्याआधी मागच्या हंगामाचे वीसेक जुने रिपोर्ट काढावेत आणि दोन सुपरवायझरांना वेगवेगळे बसवून प्रत्येकाचे कलम शोधायला सांगावे. दोघांचे उत्तर जिथे जुळत नाही, तिथे तक्त्याची ओळ कच्ची आहे.

शेवटी प्रत कोणती घ्यायची तेही पाहा. १९४६ साली दोन कायदे झाले, केंद्राचा स्थायी आदेशांचा आणि आपला मुंबई औद्योगिक संबंध कायदा. आपल्याकडचा साखर धंदा दुसऱ्याखाली आणलेला होता, म्हणून शेजारच्या इंजिनिअरिंग कारखान्याचा तक्ता उतरवून घेणे तेव्हाही चूकच होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि केंद्राचा तो कायदा तिच्यात विलीन झाला. वर दिलेले आकडे राज्याच्या जुन्या नमुन्यातले आहेत. आपल्या कारखान्याच्या मंजूर प्रतीत वेगळे असतील तर तेच खरे. तक्त्याच्या माथ्यावर कुठली प्रत, कुठल्या तारखेची, आणि कोणी पडताळली, हे लिहिलेले नसेल तर येत्या सभेत सभासदांनी ते जरूर विचारावे.