कादंबरीतील दोन शिकारी

१/ मराठीत 'कादंबरी' हा शब्द आपण सहज उच्चारतो. तो सातव्या शतकातील एका ग्रंथाचे नाव आहे, हे मात्र क्वचितच आठवते. हर्षाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाची 'कादंबरी' इतकी थोर ठरली की एक संपूर्ण साहित्यप्रकार तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आजचा धागा याच ग्रंथातील शबरांविषयी.

२/ कथेचा निवेदक एक पोपट आहे. तो विंध्याटवीतल्या जुन्या शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या ढोलीत जन्मलेला. एके सकाळी शबरांची टोळी शिकारीला येते. पुढे टोळीतलाच एक म्हातारा झाडावर चढून त्याच्या पित्याला ठार करतो. टोळी जवळून जात असताना पोपट त्या लोकांच्या जीवनावर भाष्य करतो: नरमांसाचा बळी हा त्यांचा धर्म, मद्यमांस हा आहार, कोल्हेकुई हे शास्त्र आणि पाखरांची माहिती एवढीच त्यांची प्रज्ञा.

३/ इतकेच नव्हे. त्यांचा सेनापती झाडाखाली बसून पाणी पितो आणि कमळाचे कोवळे देठ खातो. कृती अगदी निरुपद्रवी. पण उपमा कोणती? चंद्राच्या कला गिळणाऱ्या राहूची! शबराने कमळाचे देठ खाल्ले, तरी तो राक्षसच.

४/ यावर पहिला बचाव ठरलेला असतो: 'हे मत बाणाचे नव्हे, पोपटाचे. पितृहंत्याच्या टोळीबद्दल पिल्लू आणखी काय म्हणणार?' बचाव चतुर आहे आणि काही अंशी खराही. पिल्लाचे भय खरेच आहे. मात्र त्याची परीक्षा ग्रंथातच घेता येते.

५/ पुढे जाबाली ऋषी राजपुत्र चंद्रापीडाची कथा सांगतात. विद्याभ्यास संपवून नगरीत परतलेला हा राजपुत्र लगेच शिकारीला जातो आणि अनेक वन्य पशू मारतो. त्याच्या चिलखतावरील रक्ताचे थेंबही वर्णनात येतात. निषेधाचा शब्द मात्र एकही येत नाही. इथे निवेदक कोणी घाबरलेले पिल्लू नाही, अहिंसक आश्रमातील ऋषी आहे. कृती एकच. शबराने केली तर तो पापी, राजपुत्राने केली तर पराक्रमी. पूर्वग्रह नेमका या दुहेरी मापात आहे.

६/ दुसरा बचाव: 'आजच्या फूटपट्टीने तो काळ मोजू नका.' मान्य. बाणाचीच फूटपट्टी घेऊ. चंद्रापीडाच्या यौवराज्याभिषेकापूर्वी मंत्री शुकनास त्याला उपदेश करतो. राजांचे खुशमस्करे मृगयेला व्यायाम आणि मद्यपानाला विलास म्हणतात, असे तो बजावतो. दुर्गुणाला गोंडस नाव देण्याची ही युक्ती बाणाला पुरती ठाऊक होती. राजांबाबत तो ती उघडी पाडतो. शबरांच्या वाट्याला मात्र सरसकट निर्भर्त्सना येते.

७/ मग ग्रंथ टाकून द्यावा का? ही मागणीही मला तितकीच आळशी वाटते. निर्भर्त्सनेच्या काही पाने आधी शिकाऱ्यांचा कोलाहल आहे. ते गंधावरून वन वाचतात: हत्तीने तुडवलेल्या कमळांचा परिमळ इकडून, रानडुकरांनी चघळलेल्या नागरमोथ्याचा वास तिकडून, हत्तीच्या पिल्लांनी मोडलेल्या सालईचा तुरट दरवळ पलीकडून. नंदुरबारच्या सातपुड्यात सालई आजही उभी आहे. ज्याने तिची डहाळी मोडून हुंगली असेल, त्याला या ओळींचे मोल वेगळे सांगायला नको.

८/ म्हणजे शबरांची प्रज्ञा बाणाच्या कानाने टिपली आणि त्याच्या निवाड्याने नाकारली. त्याच्या पूर्वग्रहाविरुद्धचा सर्वांत भक्कम साक्षीदार त्याचीच प्रतिभा आहे. ग्रंथ फेकलात तर ही साक्षही गेली; नुसती पूजा केलीत तर ती कधी ऐकूच येणार नाही.

९/ एक सावधगिरी. शबर म्हणजे आजचे भिल्ल किंवा पावरा असे समीकरण मांडू नये; संस्कृत साहित्यात हा शब्द वनवासी समूहांसाठी बराच सैलपणे येतो. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार ज्या जिल्ह्यात दर दहांपैकी जवळपास सात जण आदिवासी आहेत, तिथल्या वर्गात हा उतारा केवळ 'वर्णनशैलीचा नमुना' म्हणून शिकवणे हा शुद्ध पळपुटेपणा आहे. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला त्यातली शिवी ऐकू येते. शिक्षकाने ती ऐकली नाही, एवढाच फरक.

१०/ म्हणून शबरांची शिकार आणि चंद्रापीडाची शिकार हे दोन्ही उतारे एकाच तासाला शेजारी ठेवून वाचावेत. उपमा कोणाला कोणती मिळाली, दोष कोणाच्या माथी आला, ते वहीत समोरासमोर लिहावे. बाणाची शैली त्यातून अधिक नीट कळेल, आणि त्याचा अन्यायही.