टीईटी आजन्म वैध, पण खरी आहे का हे कोण पाहणार?

शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या प्रमाणपत्राबद्दल संस्थाचालकांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ‘वैध’ या एका शब्दात आपण दोन वेगळे प्रश्न कोंबतो. एक, प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का? दुसरा, ते मुळात खरे आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि त्यावर आपण उगाच उमेदवारांना छळतो. दुसरा प्रश्न अवघड आहे आणि तो आपण विचारतच नाही. मी अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत काही वर्षे शिक्षकांच्या मान्यतेची कागदपत्रे हाताळतो आहे, म्हणून याबद्दल लिहिणे मला गरजेचे वाटते.

आधी मुदतीचे पाहू. 2011 साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत टीईटी प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे होती. महाराष्ट्रात पहिली टीईटी 2013 च्या डिसेंबरात झाली, तेव्हा सुरुवातीच्या प्रमाणपत्रांना हीच मुदत लागू होती. जून 2021 मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा काढून टाकली आणि निर्णय 2011 पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केला. ज्यांची सात वर्षे उलटून गेली होती त्यांनाही तो लागू आहे. ज्या राज्यांनी ती प्रमाणपत्रे दिली, त्यांनीच ती पुन्हा वैध करावीत किंवा नवी द्यावीत, असेही तेव्हा सांगण्यात आले.

समजा, एका भगिनीकडे 2014 सालच्या परीक्षेचे प्रमाणपत्र आहे. पेपर एक, खुल्या प्रवर्गातून, 150 पैकी 93 गुण. मुलाखतीत कुणीतरी सात वर्षांचा हिशेब काढतो आणि म्हणतो, “बाई, हे 2021-22 मध्येच संपलं. पुन्हा परीक्षा द्या.” हे चूक आहे. तिला पुन्हा परीक्षेला बसवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. मुदतीच्या कारणावरून तिचा अर्ज बाजूला टाकणे हा अन्याय आहे.

मात्र याच कागदावर पाहण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी आहेत. पेपर एक हा पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी असतो, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन लागतो. पेपर दोनमध्येही गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र असे वेगळे गट आहेत. तेव्हा या भगिनीचे प्रमाणपत्र कायमचे वैध असले, तरी सातवीच्या विज्ञानाच्या जागेसाठी ते चालणार नाही. उत्तीर्ण होण्याची अट 60 टक्के, म्हणजे 90 गुणांची आहे, मागास प्रवर्गांना ती 55 टक्के आहे. एखादा मुस्लिम ओबीसी उमेदवार 85 गुणांवर पात्र ठरला असेल, तर त्याने सवलत घेतली आहे हे उघड आहे, आणि त्याचा जातीचा दाखला त्याच वेळी पाहायला हवा. मुदतीवर वाद घालण्यात गेलेला वेळ या तपासणीला दिला तर बरे.

आता खरेपणाचा प्रश्न. 2021 च्या अखेरीस पुणे सायबर पोलिसांनी उघड केलेला टीईटी घोटाळा आपण विसरलो नसू. 2019-20 च्या परीक्षेतील 7,874 उमेदवारांवर ऑगस्ट 2022 मध्ये महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्यांची संपादणूक रद्द झाली आणि पुढे परीक्षा देण्यास त्यांना कायमची बंदी घालण्यात आली. यातली गोम अशी की हे सगळे कागद काही छापखान्यात बनवलेले नव्हते. बहुतेकांचे गुणच निकालात वाढवलेले होते. म्हणजे त्या काळात कुणी बैठक क्रमांक टाकून निकाल पाहिला असता, तर त्याला ‘पात्र’ असेच दिसले असते. काहींना मात्र निकालात नाव नसताना थेट प्रमाणपत्र मिळाले होते.

म्हणून मूळ प्रत हातात घेऊन कागद, शिक्का आणि सही न्याहाळणे म्हणजे पडताळणी नव्हे. जुन्या निकालाची छापील प्रत जोडणे हीसुद्धा पडताळणी नव्हे. ज्या परिषदेने प्रमाणपत्र दिले, तिच्या आजच्या नोंदीत ते काय आहे, एवढाच प्रश्न अर्थाचा आहे.

केंद्राच्या सीटीईटीबाबत हे बऱ्यापैकी सोपे झाले आहे. सीबीएसई ही प्रमाणपत्रे डिजीलॉकरमध्ये देते, त्यावर डिजिटल सही आणि क्यूआर कोड असतो. उमेदवाराने मोबाइलवर दाखवलेले चित्र किंवा त्याने पाठवलेली पीडीएफ नुसती पाहू नये. त्याला समोरच डिजीलॉकर उघडायला सांगावे, किंवा कोड स्वतः स्कॅन करून नाव, वर्ष, पेपर आणि गुण जुळवावेत. राज्याच्या टीईटीसाठी, विशेषतः जुन्या वर्षांसाठी, शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत परिषदेला पत्र लिहावे लागते. पत्रात परीक्षेचे वर्ष, बैठक क्रमांक, पेपर, गुण आणि प्रमाणपत्र क्रमांक द्यावा आणि उत्तर लेखी मागावे. 2018 आणि 2019 च्या परीक्षांची प्रमाणपत्रे असतील तर रद्द झालेल्यांची यादीही ताडून पाहावी.

माझा आक्षेप पुढच्या टप्प्यावर आहे. आज बहुतेक ठिकाणी हे पत्र नेमणूक झाल्यावर, मान्यतेचा प्रस्ताव गेल्यावर निघते. तोवर शिक्षक वर्गावर उभा असतो. उत्तर येईपर्यंत मान्यता अडते, शालार्थ क्रमांक मिळत नाही आणि पगार सुरू होत नाही. खरे प्रमाणपत्र असलेला माणूस महिनोन्‌महिने बिनपगारी राबतो, वर त्यालाच सांगितले जाते, “पुण्याला जाऊन पत्र घेऊन या.” हे तर उफराटेच. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हाती तपासणीचा अहवाल सोपवला तर त्या अहवालाला काय किंमत? पडताळणी ही नेमणाऱ्याची जबाबदारी आहे. पत्र संस्थेच्या नावे जावे, उत्तर संस्थेच्या नावे यावे आणि तेही नियुक्ती आदेशाच्या आधी. परिषदेनेही उत्तरासाठी ठरावीक दिवसांची मुदत स्वतःवर घालून घ्यावी.

हे आत्ताच का? 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्यांना उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षे दिली. नोकरी टिकवण्याची घाई असते तिथे बनावट कागद विकणारेही पोहोचतात. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू करायचा का, हा मुद्दा त्याच निकालाने मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. महाराष्ट्रातल्या एका अल्पसंख्याक संस्थेच्या याचिकेतूनच तो तिथवर गेला.

आपले काही संस्थाचालक यावर म्हणतात, निकाल लागेपर्यंत आपल्याला काय त्याचे? मला हे पटत नाही. टीईटी बंधनकारक आहे की नाही, हा घटनेच्या कलम 30 चा प्रश्न आहे आणि तो न्यायालय सोडवेल. पण आपण जाहिरातीत टीईटी मागितली आणि उमेदवाराने प्रमाणपत्र पुढे केले, तर ते खरे आहे का हे पाहण्यापासून कलम 30 आपल्याला सूट देत नाही. शिक्षक स्वतः निवडण्याचा हक्क आपण मागतो. मग निवडलेल्याची कागदपत्रे तपासण्याचे कामही आपलेच आहे.