नुसते गाल कमी करायचे आहेत?

वस्तीतल्या शिबिरात वजनकाट्यावरून उतरताना एका ताईंनी आम्हाला विचारले, "सिस्टर, बाकी अंगाचं राहू द्या, नुसते गाल कमी करायचं काही आहे का?" महिनाभर त्या रोज फुगे फुगवत होत्या, दिवसभर च्युइंगम चघळत होत्या. जबडा दुखायला लागला, गाल होते तसेच राहिले.

वजन उतरले की चेहराही उतरतो, हे खरे. पण आधी गाल आणि मग पोट, असा क्रम आपल्याला ठरवता येत नाही. खाणे खर्चापेक्षा कमी पडले की अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरके रक्तातून अंगभरच्या चरबीच्या पेशींपर्यंत पोहोचतात. पेशी साठवलेली चरबी फोडून रक्तात सोडतात आणि रक्त ती काम करणाऱ्या स्नायूंकडे नेते. गालाचा स्नायू शेजारची चरबी थेट ओढून घेत नाही. कुठली चरबी आधी जाईल हे अनुवंश, वय आणि स्त्री-पुरुष भेद यांवर ठरते.

टेनिसपटू वर्षानुवर्षे एकाच हाताने रॅकेट चालवतात. 1971 साली त्यांचे दोन्ही हात मोजले, तेव्हा खेळणारा हात स्नायूंमुळे जाड निघाला, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्हीकडे सारखाच होता. हात इतका राबून जे झाले नाही, ते च्युइंगमने कसे होणार? उलट चघळून जबड्याचा स्नायू वाढला तर चेहरा रुंदच दिसेल.

टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांना 2016 मध्ये असे आढळले, की सरासरी उंचीच्या बाईचे साधारण साडेतीन किलो आणि पुरुषाचे चार किलो वजन बदलल्यावरच लोकांना तो फरक चेहऱ्यात दिसतो. आमच्या ताईंचे वजन 71 किलो होते. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. साखर बंद केली, रात्रीचा भात निम्मा केला, संध्याकाळी चालणे सुरू केले. चार महिन्यांनी काटा 67 वर आला. ब्लाऊज केव्हाच सैल झाला होता, गालांबद्दल मात्र जाऊबाई तेव्हा कुठे बोलल्या!

सगळे फुगलेले चेहरे चरबीचे नसतात, याची आम्हाला जास्त काळजी वाटते. चरबी महिनोन्‌महिने हळूहळू चढते. चेहरा थोड्याच दिवसांत फुगला, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसली, पायावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, तर आधी लघवी आणि रक्त तपासून घ्या. मूत्रपिंड किंवा थायरॉईडचा आजार असू शकतो. सांधेदुखीवर कुणी बिननावाच्या पुड्या देत असेल आणि चेहरा चंद्रासारखा गोल होत असेल, तर त्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता असते. ती पुडी घेऊनच सरकारी दवाखान्यात जा. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉईड मनाने एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉईड बनवणे मंदावलेले असते, त्यामुळे जिवावर बेतू शकते.