नवा फोन घेतला अन् यूपीआय बंद? ओटीपी येतो, मग अडतं कुठे?

नव्या फोनमध्ये सिम टाकलं, अ‍ॅप डाउनलोड केलं, ओटीपीही आला. पण मोबाइल क्रमांकाच्या पडताळणीवर गाडी अडते आणि स्क्रीनवर एवढंच दिसतं : पडताळणी अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा. खात्यातले पैसे सुरक्षित असतात. अडलेलं असतं ते 'डिव्हाइस बाइंडिंग'.

बाइंडिंग म्हणजे काय?

ओटीपी बाहेरून फोनवर येतो. बाइंडिंगमध्ये उलटं होतं. अ‍ॅप तुमच्या सिमवरून बँकेच्या यंत्रणेला एक सांकेतिक एसएमएस पाठवतं. तो कोणत्या क्रमांकावरून आला हे पाहून तो क्रमांक आणि हा फोन यांची जोडी बांधली जाते. म्हणूनच ओटीपी आला, याचा अर्थ एसएमएस जाईलच असा नाही.

मग एसएमएस का जात नाही?

समजा, आईचा बँकेतला क्रमांक दुसऱ्या सिमवर आहे आणि त्याचा रिचार्ज संपला आहे. इनकमिंग अनेकदा काही दिवस सुरू राहतं, त्यामुळे ओटीपी येतो. पण आउटगोइंग एसएमएस बंद असतो. रिचार्ज केल्यावरही अ‍ॅपमध्ये पहिलं सिम निवडलं, तर एसएमएस भलत्याच क्रमांकावरून जातो आणि बँकेला खातं सापडत नाही.

फोनसोबत सिमही बदललं असेल किंवा ई-सिम घेतलं असेल, तर दूरसंचार विभागाच्या नियमानुसार त्यावरचे एसएमएस 24 तास बंद असतात. तेवढा वेळ थांबणं हाच उपाय. वारंवार प्रयत्न केल्यास काही अ‍ॅप तात्पुरतं ब्लॉकही करतात.

दोष कुठे, हे कसं ओळखायचं?

बँकेत नोंदवलेल्या सिमवरून घरातल्या दुसऱ्या फोनवर साधा एसएमएस पाठवा. तो पोहोचलाच नाही, तर रिचार्ज आणि नेटवर्क तपासा. पोहोचला, पण क्रमांक दुसराच दिसला, तर सिमची निवड चुकली आहे. क्रमांकही बरोबर असेल, तर अ‍ॅपला एसएमएसची परवानगी दिली आहे का ते पाहा. तीही असेल, तर बँकेत कोणता क्रमांक नोंदवला आहे, याची शाखेत खात्री करा.

जोडी बांधली गेली की जुना यूपीआय पिन चालतो. मात्र पहिल्या 24 तासांत सहसा 5,000 रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात.

इथेच फसवणुकीची संधी

'हा मेसेज या क्रमांकावर पाठवा, अ‍ॅप सुरू होईल,' असं फोनवर कुणी सांगितलं, तर पाठवू नका. तो बाइंडिंगचाच मेसेज असू शकतो. मग तुमचा क्रमांक त्याच्या फोनशी जोडला जाईल.

हे कुलूप ग्राहकाच्या भल्यासाठीच आहे. पण एसएमएस निघालाच नाही की चुकीच्या क्रमांकावरून गेला, एवढं तरी अ‍ॅपने स्पष्ट मराठीत सांगायला हवं. कारण कळत नाही, म्हणूनच लोक इंटरनेटवर सापडलेल्या बनावट 'कस्टमर केअर'ला फोन लावतात.